डिश जुळवली की लिंक सुधारते, पंधरवड्यानं पुन्हा पडते: खाडीवरून जाणाऱ्या लिंकचं दुखणं

लक्षण असं. दोन टेकड्यांवर शाळेच्या दोन इमारती, मधे खाडी, दोन्ही गच्च्यांवर ५ गिगाहर्ट्झच्या डिश. लिंक दहा-बारा दिवस ठणठणीत चालते. मग एक दिवस भर तासात चित्र अडकतं, आवाज तुटतो आणि तासाभरानं कोणी काही न करता सगळं सुरळीत होतं. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त थोडं उशिरा. तोवर तक्रार गेलेली असते. तंत्रज्ञ येतो, डिश इकडेतिकडे हलवतो, सिग्नल वाढलेला दाखवतो, बिल देऊन जातो. पुढचे दहा-बारा दिवस कोणी ओरडत नाही. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे सगळं जुळत असेल तर पाना हातात घेण्याआधी पुढचं वाचा. आमच्याकडे हे कोडं एका विज्ञानाच्या बाईंनी सोडवलं आणि सोडवलं ते डिश जुळवता जुळवताच.

जागा सांगतो. बाईंची शाळा ठाण्यात, घोडबंदर रोडच्या डोंगराकडच्या अंगाला, येऊरच्या उतारावर. आमची शाळा खाडीपलीकडे, भिवंडी तालुक्यातल्या टेकडीवर. संस्था एकच. आमच्याकडे नववी-दहावीला भौतिकशास्त्र शिकवायला कोणी नाही, म्हणून बाई तिकडून दुपारी सव्वाबाराचा तास घेतात आणि इकडे पडद्यावर दिसतात. दोन गच्च्यांमधलं अंतर ४.२ किलोमीटर. घोडबंदरच्या टॉवरांच्या एका फटीतून नजर थेट पलीकडे जाते. बाईंची डिश खाडीच्या पाण्यापासून सुमारे ४५ मीटर उंच, आमची ६० मीटर. डिश साध्याच, ४० सेंटीमीटरच्या, २५ डीबीआय लाभाच्या.

तास बुडायचा आणि पोरं खिदळायची. बाईंना राग आला तो पोरांचा नाही, तंत्रज्ञाच्या एका वाक्याचा. तो म्हणाला होता, "मॅडम, वाऱ्यानं डिश हलते, त्याला इलाज नाही." बाईंनी गच्चीवर जाऊन डिशला खांदा लावून ढकलून पाहिलं. जाम हलेना. पोलवर मात्र मार्कर पेनच्या रेघा होत्या, काळी, निळी, लाल. प्रत्येक भेटीत "इथे सगळ्यात जास्त सिग्नल" म्हणून मारलेली एकेक रेघ, आणि एकही रेघ दुसरीशी जुळत नव्हती. वारा दर वेळी निराळ्या दिशेला ढकलतो आणि दर वेळी बोल्ट मात्र घट्टच राहतात, हे काही त्यांना पटलं नाही.

आधी कागदावर आकडा

डिश जुळवताना बहुतेक जण एकच करतात. हलवत राहायचं, आकडा वाढेनासा झाला की थांबायचं. पण किती यायला हवा हे माहीत नसेल तर थांबलो ती जागा बरोबर की चूक हे कळणार कसं? बाईंनी मला फोन केला तेव्हा त्यांच्याकडे आकडा तयार होता.

```
32.44 + 20·log10(4.2) + 20·log10(5800) = 120.2 dB
11 + 25 + 25 − 120.2 = −59.2 dBm
```

पहिली ओळ म्हणजे मोकळ्या हवेत ४.२ किलोमीटरवर ५८०० मेगाहर्ट्झची लहर किती क्षीण होते ते. दुसरी ओळ जमाखर्चाची: रेडिओची शक्ती ११ डीबीएम, दोन्ही डिशचा लाभ, त्यातून वाटेतली घट वजा. ११ हा आकडा कमी वाटेल, पण डिशचा लाभ धरून बाहेर पडणारी शक्ती ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॉट होते. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतो, तो या मर्यादेतच. कनेक्टरची थोडी घट धरली तर उणे ६० च्या आसपास आकडा यायला हवा. एक-दोन इकडेतिकडे चालेल. उणे ८० आला तर डिश जुळलेलीच नाही, मग ती जागेवर कितीही "सगळ्यात जास्त" दाखवो.

आणि ती तसं दाखवतेच. कारण डिश एकच झोत टाकत नाही. मधला मुख्य झोत आमच्या डिशचा जेमतेम ९ अंश रुंद. त्याच्या दोन्ही अंगांना साधारण १२ अंशांवर बारीक झोत असतात, मुख्यापेक्षा २० डीबीच्या आसपास कमजोर, आणि मधल्या खाचेत जवळपास काहीच नसतं. बाजूच्या झोतावर डिश सापडली की दोन्हीकडे हलवून आकडा कमीच होतो. माणूस खूश होऊन बोल्ट आवळतो. ६० मिलिमीटरच्या पाइपवर एक अंश म्हणजे परिघावर अर्धा मिलिमीटर. १२ अंशांची चूक म्हणजे फक्त ६ मिलिमीटर. डोळ्यांना डिश सरळच दिसते.

म्हणून बाईंनी पोलभोवती कागदी चिकटपट्टी गुंडाळली, तिच्यावर पेन्सिलीनं अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा केल्या आणि डिश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४० अंश फिरवली. त्यांची डिश फिरत असताना माझ्या डिशला मी हात लावायचा नाही, हा पहिला नियम. मी आमच्या रेडिओवरचा आकडा फोनवर मोठ्यानं वाचत होतो आणि प्रत्येक खुणेवर त्या डिश थांबवून तीनपर्यंत मोजत होत्या, कारण पडद्यावरचा आकडा हातामागून सावकाश येतो. उणे ८१, मग काहीच नाही, मग झपाट्यानं वर, उणे ६०, मग खाली, पुन्हा काहीच नाही, पुन्हा उणे ८०. तीन उंचवटे सापडले, मधला मोठा. म्हणजे मुख्य झोत कुठला याबद्दल वाद संपला.

मधल्या उंचवट्याचा माथा मात्र त्यांनी शोधला नाही. माथा सपाट असतो, तिथे दोन-तीन अंश हलवूनही आकडा फारसा बदलत नाही. त्यांनी डावीकडे आकडा ६ डीबीनं पडेल तिथे खूण केली, उजवीकडे तशीच केली आणि दोहोंच्या बरोबर मधे डिश आणली. उताराच्या बाजूला आकडा भराभर बदलतो, त्यामुळे खूण नेमकी पडते. वरखालीही तसंच. मग बोल्ट आवळताना एकदम नाही, एकेक पाव फेरा, आळीपाळीनं, आणि दर फेऱ्याला माझ्याकडून आकडा. क्लॅम्प आवळताना डिश हमखास अंशभर सरकते. नंतर त्या थांबल्या आणि मी माझ्या बाजूला हेच केलं.

डिश वरखाली करताना एक गोष्ट दिसली. फोनमधलं उतार मोजायचं अॅप डिशच्या पाठीला टेकवलं तर जुन्या जुळवणीत बाईंची डिश जवळपास ५ अंश खाली, पाण्याकडे बघत होती. उंचीतला फरक १५ मीटर, अंतर ४.२ किलोमीटर, म्हणजे नजर जवळजवळ सपाट हवी, पाव अंशाचाही चढ नाही. मग कोणीतरी डिश खाली का वाकवली असेल? आणि त्या दिवशी त्याला सिग्नल वाढलेला का दिसला असेल?

हिशोबापेक्षा जास्त आला तर

संध्याकाळी उणे ६० होता तो रात्री उणे ५५ झाला. मी बाईंना आनंदानं कळवलं. त्यांचं उत्तर आलं: "सर, हे वाईट आहे."

बरोबरच होतं. रेडिओची शक्ती वाढलेली नाही, डिश मोठी झालेली नाही, अंतर घटलेलं नाही. ५ डीबी जादा आले म्हणजे ते दुसऱ्या कुठल्यातरी वाटेनं आले. आणि दुसऱ्या वाटेनं येणारी लहर जशी भर घालते तशी कधीतरी वजाही करणार. म्हणून, हिशोबापेक्षा कमी आकडा आला तर डिश, केबल, झाडं यांच्याकडे बघा. हिशोबापेक्षा जास्त आला तर परावर्तनाकडे बघा. हे दुसरं कोणी बघत नाही, कारण जास्त आकड्याची तक्रार कोण करणार?

त्यानंतर बाईंनी मला बोल्टला हात लावायची बंदी केली. लिंक पडली तरी. "पडू दे, पण वेळ लिहून ठेवा." वेळ हातानं लिहिणं काही जमणारं नव्हतं, म्हणून आमच्या रेडिओवर हे चालू ठेवलं:

```
while true; do
  date '+%F %T'
  iw dev wlan0 station dump | grep '^[[:space:]]*signal:'
  sleep 60
done >> /tmp/link.log
```

तुमच्या रेडिओत ओपनडब्ल्यूआरटी किंवा तसं काही असेल तर हे चालेल. `wlan0` हे नाव वेगळं असू शकतं. `/tmp` मधली फाइल रेडिओ बंद पडला की जाते, म्हणून रोज उतरवून घ्यायची. यात मिनिटाला वेळेची एक आणि सिग्नलची एक ओळ पडते आणि सिग्नलच्या ओळीत एकत्रित आकड्यापुढे चौकटी कंसात दोन आकडे असतात, रेडिओच्या दोन साखळ्यांचे. आमच्या डिशमध्ये एक साखळी उभ्या ध्रुवीकरणाची, दुसरी आडव्या. चांगल्या वेळी ओळ अशी दिसायची:

```
signal:  -60 [-63, -63] dBm
```

आणि अष्टमीला, दुपारी पाऊण वाजता, तास अडकलेला असताना अशी:

```
signal:  -70 [-70, -82] dBm
```

अष्टमी हे मी आता लिहितोय. तेव्हा आम्हाला ती फक्त मंगळवारची दुपार होती. आलेखावर रोज चढउतार दिसत होते, दिवसातून बरेच, काही पाच-सात मिनिटांचे आणि काही लांबलचक. पण त्यांची वेळ रोज पुढे सरकत होती. विजेच्या भाराशी नातं लागेना, उन्हाशी लागेना. तासांच्या वेळापत्रकाशी तर नाहीच.

बाईंच्या शाळेतले शिपाईमामा खाडीकाठच्या गावचे. आलेखाचा कागद स्टाफरूममध्ये टेबलावर पसरलेला होता, मामा चहा ठेवायला आले आणि कागदाकडे न बघताच विचारलं, "बाई, ह्यो बिगाड कवा व्हतो?" बाईंनी तारखा सांगितल्या. मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट फिरवलं. "आठम, नवम. भांगाचं पानी. दुपारला सुकती आसंल."

खाडीकाठी भरतीची वेळ काढायचा साधा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराला. हा हिशोब मुंबईच्या किनाऱ्याचा. खाडीत आत पाणी उशिरा पोचतं, म्हणून आमच्याकडे बारानंतर थोड्या वेळानं. दर दिवशी वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे जाते. आमच्या आलेखावरची सरक तेवढीच होती. आणि तिथीचा हिशोब पंधरवड्यानं परत तिथेच येतो, शुद्ध असो की वद्य. तक्रारीचा पंधरवडाही हाच.

पाणी काय करतं

बाईंच्या डिशमधून निघालेली लहर दोन वाटांनी माझ्याकडे येते. एक सरळ. दुसरी खाडीच्या पाण्यावर आपटून. आपटण्याची जागा उंचीच्या प्रमाणात ठरते: बाईंकडून १.८ किलोमीटर, माझ्याकडून २.४. ती जागा नेमकी खाडीच्या पात्रात होती. तिथे लहर पाण्याला दीड अंशापेक्षाही कमी कोनात घासत जाते. एवढ्या तिरक्या कोनात २५ सेंटीमीटरपर्यंतच्या लाटासुद्धा या लहरीला जाणवत नाहीत, पाणी आरशासारखं वागतं. खाडीत एरवी तेवढ्याही लाटा नसतात.

आपटून येणारी वाट किती लांब पडते? दोन्ही उंचींचा गुणाकार, त्याची दुप्पट, भागिले अंतर. ४५ गुणिले ६० गुणिले २, भागिले ४२००, म्हणजे १.२९ मीटर. ५८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ५.१७ सेंटीमीटर. आता पाणी एक मीटर चढलं की दोन्ही डिशची पाण्यापासूनची उंची एक मीटर घटते आणि हा फरक सुमारे ५ सेंटीमीटरनं कमी होतो. म्हणजे जवळपास एक लहर. पाणी एक मीटर चढेपर्यंत दोन लहरी एकदा एकमेकींना साथ देतात आणि एकदा एकमेकींना खोडतात.

इथे एक गोष्ट पहिल्यांदा उलटी वाटते. आम्हाला वाटलं होतं, उधाणाच्या भरतीला, पौर्णिमा-अमावास्येला जास्त त्रास व्हायला हवा. पण उधाणाला पाणी भराभर चढतं-उतरतं. खोडण्याची पातळी पाच-सहा मिनिटांत ओलांडली जाते, तासात एखादा झटका बसतो, कोणी लक्ष देत नाही. भांगाच्या दिवसांत, अष्टमी-नवमीला, पाणी थोडंच हलतं, आणि ओहोटीच्या टोकाला तर बराच वेळ थांबल्यासारखंच असतं. ती थांबण्याची पातळी आणि खोडण्याची पातळी एक झाली की लिंक तासभर मेलेली. आमचं दुर्दैव एवढंच की ते नेमकं सव्वाबाराच्या तासाला जुळायचं.

दोन साखळ्यांतला फरकही यातूनच कळतो. घासत जाणाऱ्या कोनात आडवी लहर पाण्यावरून जवळपास पूर्ण परतते, उभी बरीच कमी. म्हणून खोडाखोडीत आडवी साखळी उणे ८२ पर्यंत गेली आणि उभी उणे ७० वर थांबली. हा फरक येतो आणि जातो. कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल तर तो पक्का राहतो, भरती असो की ओहोटी. निदानासाठी मला याहून सोपी खूण माहीत नाही.

तंत्रज्ञाचे उपाय का लागू पडत होते तेही उलगडलं. चॅनेल ५७४५ वरून ५८२५ वर नेला की लहरीची लांबी किंचित बदलते आणि १.२९ मीटरच्या वाटेवर तेवढ्यानं चक्राचा तिसरा हिस्सा सरकतो. खोडणं त्या क्षणी थांबतं. पाणी थोडं हललं की नव्या चॅनेलवर पुन्हा सुरू होतं, पण तोवर तो घोडबंदर नाक्यावर चहा पीत असतो. डिश हलवण्याचंही तसंच. दोन लहरी सारख्या जोराच्या असतील तेव्हाच एकमेकींना पुरत्या खोडतात. डिश कुठेही वाकवली, वर किंवा खाली, की एक जोरदार आणि एक कमजोर होते आणि सिग्नल वाढतो. त्यानं खाली वाकवली, वाढलेला आकडा बघितला, रेघ मारली. पुढच्या पंधरवड्यात दुसऱ्यानं बाजूला वळवली. चांगल्या दिवसांचा आकडा दर भेटीला थोडा थोडा घसरत गेला. लिंक खड्ड्यात असताना डिश जुळवायला घ्यायची नाही, हे बाईंनी तेव्हाच ठरवलं.

खात्री आणि उपाय

कागदावर सगळं जुळलं तरी बाईंना ते पुरेसं नव्हतं. हिशोबानं त्यांच्या बाजूला उभ्या रेषेत दर १.८ मीटरवर एक खड्डा आणि मधे, ९० सेंटीमीटरवर, माथा असायला हवा. पुढच्या अष्टमीला लिंक खड्ड्यात गेली तेव्हा मामांनी शिडी धरली आणि बाईंनी दिशेची खूण न सोडता डिश पोलवर ९० सेंटीमीटर वर सरकवली. मी इकडे आडव्या साखळीचा आकडा वाचत होतो. उणे ८२, ७८, ७१, ६५, ५९. तिथे थांबलो. पुन्हा खाली घेतली, पुन्हा उणे ८१. डिशचं तोंड तेच, फक्त उंची बदलली. दिशेच्या चुकीनं असं होऊच शकत नाही.

डिश वरच ठेवायची का? नाही. मग खड्डा पाण्याच्या दुसऱ्या पातळीवर जातो, सव्वाबाराऐवजी दहाचा तास बुडतो. शक्ती वाढवूनही खड्ड्याची खोली तेवढीच राहते, कारण दोन्ही लहरी सारख्याच वाढतात.

उपाय असा की परतणारी लहर कमजोर करायची. एक वाट म्हणजे एका बाजूची डिश खूप खाली आणायची, म्हणजे आपटण्याची जागा त्या बाजूला सरकून पाण्याबाहेर, तिवरांवर पडते आणि लहर विखुरते. आमच्या उताराखाली शाळेची एक खोली आहे, तिथून जमलं असतं. पण तिवरांच्या मागे भाताची खाचरं आहेत, आणि पावसाळ्यात पाण्यानं भरलेलं खाचर म्हणजे पुन्हा आरसा. ती वाट सोडली.

दुसरी वाट बिनखर्चाची. दोन्ही डिश माथ्यावर न ठेवता मुद्दाम तीन अंश वर, आकाशाकडे. परतणारी लहर सरळ लहरीच्या सव्वा ते पावणेदोन अंश खालून येते. डिश बरोबर जुळलेली असेल तर दोघी झोताच्या सपाट माथ्यावरच असतात आणि सारख्याच उचलल्या जातात. डिश वर वाकवली की दोघी उतारावर येतात, आणि खालची जास्त खाली घसरते. आमच्या डिशला हिशोब असा बसला: सरळ लहरीत दोन्ही बाजू मिळून पावणेतीन डीबी गेले, आडव्या साखळीचा खड्डा मात्र १९ डीबीवरून साडेनऊवर आला. म्हणजे सगळ्यात वाईट क्षणी उणे ८२ ऐवजी उणे ७५.

हे करायची रीतही सांगतो, कारण इथे घाई केली तर सगळं मुसळ केरात. आधी डिश वर सांगितल्याप्रमाणे नीट मधोमध जुळवायची, तीही आकडा हिशोबाजवळ, उणे ६० च्या आसपास स्थिर असताना. मग उतार मोजून लिहून ठेवायचा. मग आडवी दिशा पक्की आवळून फक्त उभा बोल्ट सैल करायचा आणि तीन अंश वर घ्यायची, एका बाजूची आधी, दुसरीची नंतर. दोन्हीकडे मिळून आकडा पावणेतीन डीबीपेक्षा बराच जास्त पडला तर तीनऐवजी पाच अंश झालेत असं समजा. फोनच्या अॅपवर सगळा भरवसा ठेवू नका. डिशच्या पाठीला दर वेळी एकाच जागी टेकवा, म्हणजे दोन मापांतला फरक तरी खरा मिळतो.

पुढच्या भांगाला सव्वाबाराचा तास झाला. आलेखावर खड्डे अजून आहेत, फक्त उथळ. वेग निम्म्याच्या आसपास येतो, बाईंचा चेहरा क्षणभर धूसर होतो, पण तुटत नाही. रात्री वारा पडलेला असताना एखादा खड्डा जरा खोल जातो. तेव्हा शाळा बंद असते, म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिलेलं नाही.

दोन्ही पोलवर आता जुन्या रेघा पुसून एकच पाटी लावली आहे: "तीन अंश वर. मुद्दाम. सरळ करू नये." तरीही एक नवीन तंत्रज्ञ येऊन डिश सरळ करून गेला आणि "सिग्नल वाढवून दिला" असं रजिस्टरात लिहून गेला. वाढलाच होता, पावणेतीन डीबीनं. बाईंनी त्याच दुपारी परत वाकवली.

तुमचं अंतर, उंची वेगळी असेल तर आकडे नव्यानं काढावे लागतील. डिश उंच टेकड्यांवर असतील तर दोन लहरींमधला कोन वाढतो आणि वर वाकवण्याचा फायदाही वाढतो. दोन्ही डिश पाण्यालगत असतील तर तो जवळपास शून्य. तिथे, किंवा उथळ खड्डाही चालणार नसेल तिथे, एका पोलवर दोन डिश लावाव्या लागतात, एक वर, एक खाली, खड्डा ते माथा एवढ्या अंतरावर. आमच्याकडे ते ९० सेंटीमीटर. रेडिओच्या दोन साखळ्या दोन डिशना जोडायच्या, दोन्हीचं ध्रुवीकरण एकच ठेवायचं. समोरच्या डिशचीही त्याच ध्रुवीकरणाची एकच साखळी वापरायची. एक डिश खड्ड्यात असते तेव्हा दुसरी माथ्यावर असते. बदल्यात दोन ध्रुवीकरणांमुळे मिळणारा दुप्पट वेग जातो. व्हिडिओवरच्या एका तासाला उरलेला वेग भरपूर होतो. परीक्षेच्या काळात दोन्ही शाळा एकाच जोडणीवर असतील तर पुरणार नाही.